ब्रोमीनचा चोखंदळपणा

आयसोब्युटेनच्या रेणूत 10 हायड्रोजन अणू असतात. नऊ कडेच्या तीन कार्बनांवर, एक मधल्या कार्बनवर. प्रकाशात क्लोरीन सोडला की त्याचा सुटा अणू एक हायड्रोजन ओढून घेतो आणि त्या जागी पुढे क्लोरीन बसतो. निव्वळ योगायोग असता तर मधल्या जागेचं उत्पादन दहा टक्के मिळालं असतं. प्रत्यक्षात ते सुमारे 36 टक्के मिळतं. ब्रोमीन वापरला तर 99 टक्क्यांहून अधिक!

मधला हायड्रोजन मुळातच किंचित सैल असतो. हा फरक दोन्ही हॅलोजनांसमोर सारखाच, मग निकाल इतका वेगळा का? क्लोरीन हायड्रोजनशी इतका घट्ट बंध बांधतो की कुठलाही हायड्रोजन ओढला तरी ऊर्जा बाहेरच पडते. जुना बंध जेमतेम ताणला जातो तोच काम होतं, त्यामुळे कोणता सैल, कोणता घट्ट याला फारसं महत्त्व उरत नाही. ब्रोमीनचा बंध कमकुवत. त्याला हायड्रोजन ओढताना ऊर्जा मोजावी लागते, आणि अडथळ्याचा माथा येईपर्यंत जुना बंध जवळपास तुटलेला असतो. सैलपणाचा जवळजवळ सगळा फायदा तिथे दिसतो. जॉर्ज हॅमंड यांनी 1955 मध्ये मांडलेलं तत्त्व हेच सांगतं.

याची किंमत म्हणजे वेळ: ब्रोमीनची क्रिया बरीच संथ असते. आणि तापमान फार वाढवलं, तर त्याचा चोखंदळपणाही ओसरतो.