बांधलेले पाय

1981 साल. मोझांबिकच्या उत्तर भागात पावसाने दगा दिला होता. मका आणि शेंगा शेतातच करपल्या होत्या, उभा होता तो फक्त कडू कसावा. नाकाला बंदराच्या उत्तरेकडच्या मेंबा भागातून त्याच सुमारास विचित्र बातम्या येऊ लागल्या. आदल्या दिवशी पाणी भरणाऱ्या, सरपण आणणाऱ्या बायका आणि खेळणारी मुले अचानक उभी राहू शकेनाशी झाली होती. पाय लुळे पडले नव्हते, उलट काठीसारखे ताठ झाले होते. ताप नव्हता, शुद्ध शाबूत होती. गेलेली चाल मात्र परत येत नव्हती. त्या साथीत नांपुला प्रांतात हजारापेक्षा जास्त माणसे अपंग झाली.

नाकालात तेव्हा हान्स रोस्लिंग नावाचे तरुण स्वीडिश डॉक्टर होते. हा आजार सांसर्गिक असेल का, हे त्यांना सांगता येत नव्हते. उत्तरेकडून येणाऱ्या बस अडवाव्यात का, असे शहराच्या प्रमुखाने विचारले तेव्हा त्यांनी होकार दिला. रस्ता बंद झाल्यावर बाजाराला निघालेल्या बायकांनी कोळ्यांच्या होडीतून यायचे ठरवले. होडी उलटली, आणि त्या बायका व त्यांची मुले बुडाली. आजार तर सांसर्गिक नव्हताच. ही गोष्ट रोस्लिंग यांनी स्वतःच पुढे जाहीरपणे सांगितली. कारण माहीत नसताना केलेल्या घाईची किंमत किती असू शकते, हे त्यांना इतरांना कळावेसे वाटत होते.

त्यांनी आणि मोझांबिकच्या आरोग्य खात्यातल्या ज्युली क्लिफ यांनी शोधले तेव्हा धागा थेट चुलीपाशी पोचला. आजारी माणसांच्या लघवीत थायोसायनेट भरपूर सापडले. शरीराने सायनाइडशी झुंज दिली की मागे उरते ते थायोसायनेट. काँगोतल्या क्वांगो प्रदेशात याच आजाराची नोंद 1938 साली झाली होती. तिथल्या याका भाषेत त्याला ‘कोंझो’ म्हणतात, म्हणजे बांधलेले पाय.

कसाव्याच्या कंदात सायनाइड मोकळे नसते, आणि हेच समजून घ्यायला हवे. त्याच्या पेशींमध्ये लिनामॅरिन नावाचा पदार्थ असतो, साखरेला बांधलेला आणि स्वतःहून निरुपद्रवी. तो फोडणारे विकर, म्हणजे एन्झाइम, त्याच कंदात पण पेशीच्या भिंतीत वेगळे राहते. हळद आणि चुना आपापल्या डब्यांत असतात तोवर लाल रंग कुठेच नसतो. दोन्ही एकत्र कालवले की कुंकू होते. तसेच इथे घडते. उंदराने दात लावला किंवा सुरीने कापले की पेशी फुटतात, दोघे भेटतात आणि हायड्रोजन सायनाइड तयार होते. झाडाने किड्यांना आणि जनावरांना दिलेली ही शिक्षा आहे.

कडू बदामाची गोष्टही याच घडणीची आहे. त्यात लिनामॅरिनच्या जागी अमिग्डॅलिन असते. बदाम चावताच तेही फुटते आणि दोन गोष्टी निघतात: सायनाइड, आणि बेन्झाल्डिहाइड, ज्याचा तो ओळखीचा बदामी वास. बाजारातले गोड बदाम ही त्याच झाडाची, माणसाने निवडून वाढवलेली वाणे आहेत. मात्र कडू बदाम मूठभर खाल्ल्यास मोठ्या माणसाचाही जीव जाऊ शकतो, आणि मुलांना त्याहून बरेच कमी पुरतात. बदामाची कडू चव जिभेला लगेच कळते आणि माणूस थुंकून टाकतो. कसाव्याच्या पिठाच्या भाकरीला असा इशारा नेहमीच येत नाही.

सायनाइड मारते ते श्वास न थांबवता. रक्तात प्राणवायू असतो, पण पेशींमधल्या ज्या यंत्रणेने तो वापरायचा तीच अडून बसते. थोड्या प्रमाणातला हा मारा शरीर परतवू शकते. त्यासाठी त्याला गंधक लागते, आणि ते येते डाळी, मासे, अंडी, मांस यांतल्या प्रथिनांमधून. दुष्काळात नेमके हेच ताटातून गेलेले असते. रोज थोडे थोडे सायनाइड आत जाते, उतारा आत येत नाही, आणि काही आठवड्यांनी चालण्याचा हुकूम पायांपर्यंत नेणाऱ्या मज्जातंतूंना इजा होते.

प्रमाणाचा अंदाज घेऊ. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांनी ठरवलेली मर्यादा आहे किलोभर पिठात 10 मिलिग्रॅम. टंचाईच्या दिवसांतल्या पिठात ते दहापट आढळू शकते. तसे अर्धा किलो पीठ एखाद्या बाईने दिवसभरात खाल्ले तर पोटात 50 मिलिग्रॅम जातात. शरीराच्या दर किलो वजनामागे अर्धा मिलिग्रॅमपासून पुढे सायनाइड प्राणघातक ठरू शकते. म्हणजे 50 किलोच्या माणसाला 25 मिलिग्रॅमपासून धोका. ते सगळे एकाच वेळी मोकळे होत नाही आणि दिवसभरात विभागून जाते, म्हणून बहुतेक जण वाचतात. वाचतात, पण काही जण अपंग होऊन.

मग शिजवून भागत नाही का? अख्खा कंद उकळला तर नाही. उष्णतेने विकर मरते, लिनामॅरिन मात्र टिकते, आणि आतड्यातले जिवाणू ते फोडतात. म्हणून आफ्रिकेतल्या बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या शोधून काढलेली रीत वेगळी आहे: कंद सोलायचा, किसायचा किंवा पाण्यात काही दिवस भिजत ठेवायचा, आंबवायचा, उन्हात वाळवायचा. पेशी फुटून विकराने आपले काम करावे आणि सायनाइडने निघून जावे, हा त्यामागचा सगळा अर्थ आहे. हायड्रोजन सायनाइड 26 अंश सेल्सिअसलाच उकळते, त्यामुळे ते हवेत सहज उडते. मेंबाच्या बायका अडाणी नव्हत्या, त्यांच्याकडे थांबायला दिवस नव्हते. त्यात दुष्काळी जमिनीतल्या कंदात लिनामॅरिनही जास्त साठते.

आपल्या उपवासाचा साबुदाणाही याच कंदाचा, तमिळनाडूत सेलमच्या परिसरात मोठ्या प्रमाणावर होणारा. तिथे कंद सोलून किसतात, भरपूर पाण्यात धुऊन खाली बसलेला स्टार्च घेतात, आणि विष त्या पाण्याबरोबर निघून जाते. केरळात कप्पा खाणारेही कंद सोलून, तुकडे करून उकळतात आणि ते पाणी फेकून देतात.

ऑस्ट्रेलियातल्या हॉवर्ड ब्रॅडबरी यांनी जुन्या रीतीत एक छोटी भर घातली. पीठ पाण्यात कालवून ओले करायचे, चटईवर बोटभरही जाड होणार नाही असे पातळ पसरायचे आणि उन्हात दोन तास किंवा सावलीत पाच तास ठेवायचे. पिठात उरलेले विकर आणि लिनामॅरिन ओलाव्यात पुन्हा भेटतात, सायनाइड उडून जाते आणि पिठातले प्रमाण तीन ते सहा पटींनी घटते. त्याच पिठाची मग नेहमीसारखी घट्ट उकड करतात. काँगोतल्या काय कालेंगे गावात बायकांनी 2010 पासून ही पद्धत उचलली. त्या प्रयोगाच्या काळात गावात कोंझोचा एकही नवा रुग्ण आढळला नाही. ज्यांचे पाय त्याआधीच गेले होते, त्यांचे परत आले नाहीत.