शिवनेरीचा शुक्रवार आणि लीप वर्षाचा हिशेब

जुन्नरच्या शिवनेरी किल्ल्यावर शिवाजी महाराजांचा जन्म फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ या दिवशी झाला, अशी नोंद जेधे शकावलीत आहे. इतिहासाच्या पुस्तकांत या दिवसाची इंग्रजी तारीख १९ फेब्रुवारी १६३० अशी दिलेली असते आणि वार शुक्रवार. आता मोबाइलवर किंवा संगणकावर मागची तारीख टाकून वार काढायला बसावे, तर बऱ्याचदा १९ फेब्रुवारी १६३० ला मंगळवार येतो. मग कुणी म्हणतो की तारीखच चुकीची आहे, कुणी म्हणतो की तिथीवरून तारीख काढताना इतिहासकारांनी गफलत केली. दोन्ही तर्क चुकीचे आहेत. तारीखही बरोबर आहे आणि शुक्रवारही बरोबर आहे. गोंधळ आहे तो लीप वर्षाच्या नियमाचा. हा नियम १५८२ साली बदलला, इंग्रजांनी तो बदल १७५२ पर्यंत मानला नाही, आणि महाराजांचा संपूर्ण जीवनकाळ या दोन सालांच्या मध्ये येतो. म्हणून लीप वर्ष नेमके कशासाठी असते हे समजून घ्यायला शिवनेरीइतके चांगले उदाहरण आपल्याकडे दुसरे नाही.

पहिला गैरसमज असा की लीप वर्ष हा कॅलेंडरवाल्यांचा आकडेमोडीचा नियम आहे, आपल्या भोवतालच्या जगाशी त्याचा संबंध नाही. प्रत्यक्षात हा नियम ऋतूंसाठीच आहे. सूर्य विषुववृत्तावरून निघून उत्तरेला जातो, दक्षिणेला जातो आणि पुन्हा तिथेच येतो, या फेरीला ३६५ दिवस, ५ तास आणि जवळपास ४९ मिनिटे लागतात. ऋतूंचे वर्ष ते हेच. पण कॅलेंडरला पूर्ण दिवसच मोजता येतात, आणि ३६५ दिवसांवर वर्ष बंद केले की दरवर्षी सुमारे पाव दिवस मागे राहतो. हा पाव दिवस जुन्नरच्या मोकळ्या अंगणात डोळ्यांनी पाहता येतो. एक मीटर उंचीची सरळ काठी सपाट जमिनीत ओळंब्याने उभी करा. फेब्रुवारीच्या उत्तरार्धात इथे सूर्य दुपारी पाऊणच्या सुमारास सर्वांत उंच असतो, त्या वेळी काठीची सावली सर्वांत आखूड पडते. १९ फेब्रुवारीला ती सुमारे ५९ सेंटिमीटर भरते आणि १ मार्चला सुमारे ५१. म्हणजे या दिवसांत सावली रोज साधारण आठ मिलिमीटरने आखडते. एका वर्षी १९ फेब्रुवारीला घेतलेले माप पुढच्या वर्षी त्याच तारखेला जुळत नाही. सूर्य पाव दिवस मागे असल्याने सावली दोनेक मिलिमीटर लांब पडते, त्यानंतरच्या वर्षी आणखी दोन. चौथ्या वर्षी एक जादा दिवस घातला की हा सगळा फरक एका फटक्यात भरून निघतो आणि सावली पुन्हा जुन्या खुणेवर येते.

एवढ्याशा फरकाने काय बिघडते, असे कुणी विचारेल. एका माणसाच्या आयुष्यात फारसे बिघडत नाही हे खरेच, पण कॅलेंडर एका माणसापुरते नसते. जुन्नरवर सूर्य बरोबर डोक्यावर येतो, काठीची सावली नाहीशी होते, तो दिवस १६ मेच्या सुमारास येतो. महाराजांच्या जन्मापासून चारशे वर्षे लीप दिवस एकदाही घातला नसता, तर हाच शून्य सावलीचा दिवस २१ ऑगस्टच्या आसपास आला असता, आणि ७ जूनच्या सुमारास येणाऱ्या पावसाची वाट आपण सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत पाहत बसलो असतो. पाऊस आपल्या वेळेवरच आला असता, फक्त कॅलेंडरवर त्या वेळेचे नाव बदलले असते.

दुसरा गैरसमज जास्त खोल आहे, कारण तो शाळेत शिकवलेल्या अर्ध्या सत्यावर उभा आहे. वर्ष ३६५ दिवस ६ तासांचे, चार वर्षांचे २४ तास, म्हणून दर चार वर्षांनी लीप वर्ष, हे आपण पाठ केलेले असते. ज्युलियस सीझरने इसवी सनापूर्वी ४५ मध्ये सुरू केलेले कॅलेंडर नेमके असेच चालत होते. पण सहा तास आणि खरे ५ तास ४९ मिनिटे यांत सुमारे ११ मिनिटांचा फरक आहे. चौथ्या वर्षी पूर्ण दिवस घालताना आपण दरवर्षी ही ११ मिनिटे जास्तीची देतो, आणि १२८ वर्षांत ती साठून एक दिवस होतो. ज्युलियन कॅलेंडरने शतकानुशतके हेच केले. इसवी सन ३२५ च्या सुमारास दिवस-रात्र समान होण्याचा वसंतातील दिवस २१ मार्चला येत होता, तो १५८२ पर्यंत ११ मार्चवर सरकला. साडेबाराशे वर्षांना १२८ ने भागून पाहिले की हे दहा दिवस जवळजवळ बरोबर निघतात. ईस्टरचा सण या दिवसाशी बांधलेला असल्याने चर्चला ते खटकले, आणि पोप ग्रेगरी तेरावा याने १५८२ मध्ये ४ ऑक्टोबरनंतरचा दिवस १५ ऑक्टोबर ठरवला. पुढे पुन्हा तसेच घडू नये म्हणून नियमही बदलला: शतकाच्या वर्षाला ४०० ने भाग जात असेल तरच लीप. म्हणून २००० साली २९ फेब्रुवारी होता, पण १७००, १८०० आणि १९०० मध्ये नव्हता. चारशे वर्षांत लीप दिवस शंभर न होता ९७ होतात.

आता शिवनेरीकडे वळू. इंग्लंड प्रोटेस्टंट असल्याने त्याने पोपचा हा बदल १७५२ पर्यंत स्वीकारला नाही, त्यामुळे सुरतेच्या इंग्रज वखारीत तारखा जुन्या हिशेबानेच लिहिल्या जात. पोर्तुगालने तो लगेच स्वीकारला, म्हणून गोव्यातले पोर्तुगीज त्याच दिवसाला दहा दिवस पुढची तारीख घालत. इंग्रज वकील हेन्री ऑक्झेंडन ज्या राज्याभिषेकाला रायगडावर हजर होता, तो इंग्रजांच्या लेखी ६ जून १६७४ चा, आणि नव्या कॅलेंडरप्रमाणे १६ जूनचा. जन्माचेही तसेच. १९ फेब्रुवारी १६३० ही जुन्या, ज्युलियन पद्धतीची तारीख. आजच्या पद्धतीने तो दिवस १ मार्च १६३० चा. वार मात्र दोन्हीकडे शुक्रवारच, कारण तारखा बदलल्या तरी आठवड्याचा क्रम कुणी मोडला नव्हता. मोबाइल आजचा नियम थेट मागे १६३० पर्यंत ओढत नेतो, म्हणून त्याच्या लेखी १९ फेब्रुवारी म्हणजे शुक्रवारच्या दहा दिवस आधीचा मंगळवार. दहा दिवस नाहीसे झाले, लोकांचे आयुष्य तेवढ्याने कमी झाले, असे जे सांगितले जाते त्यालाही यातच उत्तर आहे. बदलली ती दिवसाला द्यायची संख्या. शुक्रवारनंतर शनिवारच आला.

इथे आणखी एक चूक होते, आणि ती अभ्यासू माणसांकडूनही होते. ज्युलियन आणि आजच्या कॅलेंडरमध्ये १३ दिवसांचे अंतर आहे हे वाचून १९ फेब्रुवारीत १३ दिवस मिळवले जातात आणि उत्तर ४ मार्च काढले जाते. तेरा हे अंतर आजचे आहे. ज्युलियन पद्धतीत १७००, १८०० आणि १९०० ही तिन्ही लीप वर्षे होती, नव्या पद्धतीत नव्हती, म्हणून दहाचे तेरा झाले. १६३० साली यांतले एकही शतक उलटले नव्हते, तेव्हा दहाच मिळवायचे. मग शिवजयंती १ मार्चला करावी का? माझ्या मते त्याची काही गरज नाही. मराठ्यांच्या इतिहासातल्या पुष्कळ तारखा इंग्रजी कागदांशी जुळवून जुन्या पद्धतीनेच रूढ आहेत, आणि उत्सवाची तारीख हा समाजाने ठरवायचा संकेत आहे. पण महाराजांचा जन्म झाला तेव्हा जुन्नरच्या दुपारची सावली कशी होती असे विचारले, तर उत्तर ५१ सेंटिमीटरच्या सावलीचे आहे, ५९ च्या नाही.

या सगळ्यावर एक आक्षेप हमखास येतो: लीप वर्ष ही पाश्चात्त्यांची अडचण, आपल्या पंचांगाला अशा ठिगळाची गरजच नाही. तिथीने होणारी शिवजयंती घेऊनच हे तपासता येईल. फाल्गुन वद्य तृतीया २०२४ मध्ये २८ मार्चला आली, २०२५ मध्ये १७ मार्चला, २०२६ मध्ये ६ मार्चला. दरवर्षी अकरा दिवस मागे, कारण बारा चांद्रमास ३५४ दिवसांत संपतात. असेच चालू राहते तर ही तिथी काही वर्षांत ऐन थंडीत आणि नंतर पावसाळ्यात गेली असती. तसे होत नाही, कारण २०२६ च्या मे-जूनमध्ये अधिक ज्येष्ठ येतो आणि २०२७ मध्ये तृतीया पुन्हा मार्चच्या शेवटच्या आठवड्यावर जाते. अधिक मास म्हणजे लीप दिवसाचेच काम, फक्त दिवसाऐवजी अख्खा महिना घालून केलेले.

मात्र एका बाबतीत आपले पंचांग ऋतूंपासून खरोखर सरकते, आणि हे सांगायला संकोच करू नये. पंचांगातला सूर्य ताऱ्यांच्या संदर्भाने मोजला जातो, आणि ताऱ्यांच्या संदर्भातले वर्ष ऋतूंच्या वर्षापेक्षा सुमारे वीस मिनिटांनी मोठे आहे. पृथ्वीचा आस अतिशय मंद गतीने डोलत असल्याने हा फरक पडतो, आणि सत्तर-बहात्तर वर्षांत तो एक दिवस होतो. म्हणून मृग नक्षत्र ‘सात जूनलाच’ लागते ही समजूत आपल्या काळापुरतीच खरी आहे. महाराजांच्या काळी आजच्या कॅलेंडरने पाहिले तर मृग आणि संक्रांत दोन्ही पाच-सहा दिवस आधी येत होत्या. आंबेगावच्या पश्चिमेला, भीमाशंकरच्या बाजूला भाताची रोपे टाकणाऱ्या शेतकऱ्याला हे जाणवत नाही, कारण पाऊस एखाद्या वर्षी याहून कितीतरी मागेपुढे होतो. पण पाऊस ताऱ्यांकडे पाहून येत नाही, तो सूर्याच्या उत्तर-दक्षिण फेरीमुळे येतो, आणि त्या फेरीशी घट्ट बांधलेले कॅलेंडर हे लीप वर्षाचेच आहे. १९५७ साली मेघनाद साहा समितीच्या शिफारशीवरून लागू झालेल्या भारतीय राष्ट्रीय दिनदर्शिकेने म्हणूनच हीच वाट धरली. तिचा चैत्र एरवी ३० दिवसांचा आणि २२ मार्चला सुरू होणारा. लीप वर्षी तो ३१ दिवसांचा होतो आणि २१ मार्चला सुरू होतो.

आजचा नियमही पूर्ण बिनचूक नाही. चारशे वर्षांत ९७ दिवस घालून वर्षाची सरासरी अजूनही खऱ्या वर्षापेक्षा २६-२७ सेकंदांनी जास्त भरते, आणि त्याचा एक दिवस व्हायला तीन हजारांहून अधिक वर्षे लागतील. आज हयात असलेल्यांपैकी काहींना मात्र हा नियम प्रत्यक्ष पाहायला मिळेल. ज्याने जन्मापासून दर चौथ्या वर्षी २९ फेब्रुवारी पाहिला आहे, त्याला २१०० सालच्या कॅलेंडरमध्ये तो सापडणार नाही. २०९६ नंतर तो थेट २१०४ मध्ये येईल. जुन्नरच्या अंगणातली काठी त्या आठ वर्षांत दर १९ फेब्रुवारीला दोन-दोन मिलिमीटर लांब सावली दाखवत राहील, आणि शतकभर दर चौथ्या वर्षी पूर्ण दिवस देऊन जे जास्तीचे दिले गेले होते ते असे वळते होईल.