गडावरच्या टाक्यातलं पाणी पिण्याआधी

पावसाळा संपल्यावर हरिश्चंद्रगडावर पाण्याची वानवा नसते. मंदिराच्या आसपास कातळात खोदलेली टाकी भरलेली असतात. पाणी गार आणि नितळ, आणि पिढ्यान्‌पिढ्या लोक तेच प्यायलेले. पण पूर्वी गडावर चार गुराखी आणि मोजके यात्रेकरू असायचे. आता शनिवार-रविवारी माथ्यावर तंबूंची रांग लागते. टाक्यापासून जरा वर, आडोशाला कोण काय करून येतं हे सांगायला नको. गुरंही तिथंच चरतात. नितळ दिसणं हा त्या पाण्याच्या बाजूचा पुरावा होऊ शकत नाही.

अशा पाण्यातून पोटात जाणारे जंतू ढोबळमानाने तीन आकारांचे असतात. सगळ्यात मोठे म्हणजे जिआर्डिया आणि क्रिप्टोस्पोरिडियम हे एकपेशीय परजीवी. ते चार ते बारा मायक्रॉनचे असतात आणि टणक कवचात राहतात. त्यांच्याहून लहान म्हणजे कॉलरा, टायफॉइड, हगवण यांचे जीवाणू. सगळ्यात लहान विषाणू, म्हणजे कावीळ करणारे हेपॅटायटिस ए आणि ई, शिवाय रोटाव्हायरस. हे मायक्रॉनच्या दहाव्या भागापेक्षाही लहान भरतात. गोळी, उकळणं आणि फिल्टर यांतलं काय कुठे कमी पडतं हे या तीन आकारांवरून कळतं.

उकळण्यात मात्र तिघांपैकी कुणीच वाचत नाही. पाणी खळखळून उकळू लागलं की एक मिनिट तसंच ठेवायचं, एवढं पुरतं. दहा-वीस मिनिटं उकळण्याचा सल्ला म्हणजे निव्वळ इंधनाची नासाडी. सुमारे दोन हजार मीटरच्या वर तीन मिनिटं उकळावं असं सांगतात, पण कळसूबाई 1646 मीटर, तेव्हा महाराष्ट्रात तो प्रश्नच येत नाही. हिमालयात गेलेल्यांना वेगळीच शंका असते. एव्हरेस्ट बेस कॅम्पला पाणी 82-83 अंशांनाच उकळतं, मग जंतू मरतात का? मरतात. सत्तर अंशांच्या पुढे बहुतेक जंतू मिनिटाभरात संपतात. उकळी ही केवळ थर्मामीटरशिवाय दिसणारी खूण आहे. तिथं डाळ शिजत नाही, पण पाणी निर्धोक होतं.

उकळण्याची अडचण गॅसची. चौघांचा गट दुपारी माथ्यावर पोचला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उतरणार असेल, तर माणशी तीन लिटर धरून बारा लिटर पाणी लागतं. छोट्या स्टोव्हवर एक लिटर पाणी उकळायला, वारा अडवला तर, बारा ते पंधरा ग्रॅम गॅस जळतो. बारा लिटरचा हिशेब दीडशे ते एकशेऐंशी ग्रॅमवर जातो, म्हणजे 230 ग्रॅमच्या डब्यातला बहुतांश. मग खिचडी कशावर करणार? लाकडं गोळा करून चूल पेटवणं हा त्यावरचा उपाय नव्हे. हा सगळा मुलूख अभयारण्याचा आहे. म्हणून चहा आणि स्वयंपाकापुरतंच उकळावं आणि पिण्याच्या पाण्याची सोय दुसरी करावी.

ट्रेकर्सच्या पिशवीत हल्ली दिसतो तो पोकळ धाग्यांचा फिल्टर. त्यातल्या बारीक नळ्यांच्या भिंतींना साधारण 0.1 मायक्रॉनची छिद्रं असतात. पाणी पिशवीत भरायचं, फिल्टर फिरवून बसवायचा आणि पिशवी दाबायची. परजीवी आणि जीवाणू दोन्ही अडकतात आणि पाणी तिथल्या तिथे पिता येतं. काविळीचा विषाणू मात्र आरामात पार होतो. युरोप-अमेरिकेतल्या निर्मनुष्य डोंगरात हे चालून जातं. आपल्याकडे जिथं माणसांची वर्दळ आहे तिथं नुसत्या फिल्टरवर विसंबणं मला पटत नाही. शिवाय हे धागे गोठले की तडकतात आणि बाहेरून काहीच दिसत नाही. हिमालयात रात्री फिल्टर स्लीपिंग बॅगमध्ये घेऊनच झोपावं. शंका आली तर एक युक्ती आहे. भिजलेल्या, शाबूत धाग्यांतून हवा जात नाही. ओल्या फिल्टरमधून फुंकर सहज आरपार गेली, तर तो निकामी समजावा. धार मंदावली तर मात्र घाबरायचं कारण नाही, गाळ साचलेला असतो. स्वच्छ पाणी उलट्या दिशेने दाबून सोडलं की धार पूर्ववत होते.

राहिली गोळी. औषधाच्या दुकानात मिळणारी ही गोळी बहुधा क्लोरीनची असते, गावच्या विहिरीत टाकतात त्या टीसीएल पावडरीच्या घराण्यातली. जीवाणू आणि विषाणू ती नीट मारते. जिआर्डियाला वेळ लागतो आणि क्रिप्टोस्पोरिडियम तर दाद देत नाही. म्हणजे फिल्टर जिथं कमी पडतो नेमकं तिथं गोळी कामाला येते, आणि गोळीची उणीव फिल्टर भरून काढतो.

गोळीच्या बाबतीत चुका होतात त्या तीन. पहिली मापाची. एक लिटरची गोळी वेगळी, वीस लिटरची वेगळी, आणि दोन्ही दिसायला सारख्याच. पाकिटावरचा आकडा वाचल्याशिवाय टाकू नये आणि मोठी गोळी नखाने तोडून अंदाजपंचे वापरू नये. दुसरी चूक वेळेची. गोळी विरघळणं म्हणजे काम होणं नव्हे, त्यानंतर निदान अर्धा तास थांबायचं. पाणी गारठलेलं असेल तर तासभर. तिसरी चूक सगळ्यात जास्त होते. वास नको म्हणून लगेच लिंबू पिळतात किंवा सरबताची पूड टाकतात. त्यातलं क जीवनसत्त्व क्लोरीन खाऊन टाकतं आणि जंतू तसेच राहतात. सरबत करायचंच तर अर्ध्या तासानंतर.

गढूळ पाण्यात गोळी अशीच वाया जाते, कारण क्लोरीन मातीवर आणि पालापाचोळ्यावरच खर्च होतो. अर्ध्या तासानंतर झाकण उघडून वास घ्यावा. क्लोरीनचा पुसटसा वास असेल तर ठीक. अजिबात नसेल तर पुन्हा एक मात्रा आणि पुन्हा अर्धा तास.

म्हणून हरिश्चंद्रगडावर त्या चौघांनी करायचं ते असं. पोचल्याबरोबर मोठ्या पिशवीत पाणी भरून थोडं निवळू द्यायचं. मग जुन्या सुती कापडाच्या चार घड्यांतून गाळायचं. हा आजीबाईंचा उपाय वाटतो खरा, पण बांगलादेशात रिटा कोलवेल यांच्या पथकाने जुन्या साडीच्या घड्यांतून पाणी गाळायला लावलं, तेव्हा कॉलराचे रुग्ण जवळजवळ निम्म्याने घटले. ते संशोधन 2003 साली प्रसिद्ध झालं. गाळलेलं पाणी फिल्टरमधून बाटलीत, बाटलीत गोळी, आणि झाकण किंचित सैल करून बाटली उलटी धरायची, म्हणजे आट्यांवर चिकटलेलं कच्चं पाणीही धुतलं जातं. एवढं आटपून तंबू ठोकायला घेतलं की अर्धा तास कुठे जातो कळत नाही.

ज्या पाण्यावर हिरव्या-निळ्या शेवाळाची साय आहे किंवा जे फवारणी झालेल्या शेतातून वाहत येतं, त्याला मात्र हात लावू नये. उकळून, गाळून किंवा गोळी टाकून त्यातलं विष जात नाही.

काविळीचा विषाणू पोटात गेल्यावर लक्षणं दिसायला दोन ते सात आठवडे लागतात, तोवर ट्रेक विसरलेला असतो. तेव्हा गडावरून आल्यावर महिन्या-दीड महिन्यात ताप, मळमळ किंवा पिवळी लघवी झाली, तर टाक्यातलं पाणी प्यायलो होतो हे डॉक्टरांना न विसरता सांगा.