पडदा किती लांब म्हणजे लांब?
प्रकाशाच्या वाटा : लेखांक ८

मागच्या लेखात अरुंद फटीमागे पडणाऱ्या अंधाऱ्या-उजळ पट्ट्यांचं सूत्र आपण मांडलं. ते मांडताना पडदा ‘पुरेसा लांब’ आहे असं गृहीत धरलं होतं. आज पुरेसा म्हणजे किती, ते पाहू.

पत्र्यात १ मिलिमीटर व्यासाचं गोल भोक पाडलं आहे. त्यावर लाल लेसरचा, भोकापेक्षा रुंद आणि समांतर झोत पडतो आहे. तरंगलांबी ६५० नॅनोमीटर, म्हणजे ०.०००६५ मिलिमीटर. पडद्याच्या बरोबर मध्यबिंदूवर भोकाच्या मध्यातून निघालेला प्रकाश सरळ पोहोचतो, तर कडेवरून निघालेल्याला थोडं तिरकं यावं लागतं. भोकाची त्रिज्या a आणि पडद्याचं अंतर L धरलं, तर हा जादा प्रवास जवळपास a²/2L इतका भरतो. या जादा प्रवासात अर्ध्या तरंगलांबी किती बसतात, ते सांगणारी संख्या म्हणजे फ्रेनेल अंक:

N = a²/(λL)

N एकपेक्षा खूप लहान असेल, तर भोकाच्या सगळ्या भागांतून आलेला प्रकाश मध्यबिंदूवर जवळपास एकाच कलेत पोहोचतो. हे दूर क्षेत्र. इथे फ्राउनहोफरची सोपी सूत्रं चालतात. N एकच्या आसपास किंवा त्याहून मोठा असेल, तर ते निकट क्षेत्र आणि तिथे फ्रेनेलची पद्धत वापरावी लागते.

आपल्या भोकासाठी a² म्हणजे ०.२५ चौरस मिलिमीटर. त्याला तरंगलांबीने भागलं की सुमारे ३८५ मिलिमीटर येतात. आता पडद्याच्या प्रत्येक अंतराची तुलना या साडेअडतीस सेंटिमीटरशी करायची. पडदा ४ मीटरवर असेल तर N साधारण ०.१ येतो. तिथे मध्ये उजळ चकती आणि भोवती फिकी कडी दिसतात. पहिल्या काळ्या कड्याची त्रिज्या 1.22λL/D (D म्हणजे भोकाचा व्यास) या सूत्राने सुमारे ३.२ मिलिमीटर येते आणि पडद्यावर मोजली तरी तेवढीच भरते.

पडदा ३८.५ सेंटिमीटरवर आणला की N एक होतो. मध्यबिंदूवरची तीव्रता आता पत्राच नसता तर जेवढी असती, तिच्या चौपट असते. आणखी जवळ, १९ सेंटिमीटरच्या सुमारास, N दोन होतो आणि उजळ ठिपक्याच्या ऐन मध्यावर काळा डाग उमटतो. भोकाच्या आतल्या अर्ध्या क्षेत्रफळातून आलेला प्रकाश आणि बाहेरच्या अर्ध्यातून आलेला प्रकाश विरुद्ध कलेत येऊन एकमेकांना पुसून टाकतात. इथेही दूरचं सूत्र वापरलं, तर चकतीचा व्यास जेमतेम ०.३ मिलिमीटर येईल, म्हणजे भोकापेक्षाही लहान. असं उत्तर आलं की समजावं, सूत्र चुकीच्या क्षेत्रात वापरलं आहे.

दोन क्षेत्रांमधली सीमारेषा मात्र काटेकोर नाही. किती चूक खपेल, यावर ती ठरते. अँटेनाचे अभियंते 2D²/λ हे अंतर धरतात. तिथे N एक अष्टमांश असतो. आपल्या भोकासाठी ते सुमारे ३ मीटर येतं. नारायणगावजवळच्या खोडद इथल्या जीएमआरटी दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या एका तबकडीसाठी, २१ सेंटिमीटर तरंगलांबीला, तेच अंतर १९ किलोमीटरच्या वर जातं. शेजारच्या टेकडीवर ठेवलेला प्रक्षेपक अशा तबकडीच्या दृष्टीने निकट क्षेत्रातच मोडतो. आकाशातल्या रेडिओस्रोतांना ही अडचण नाही.

हिशोबात दोन ठिकाणी हमखास घसरायला होतं. पहिलं म्हणजे त्रिज्येच्या जागी व्यास घालणं. त्याने N चौपट होतो. सरळ फटीसाठीही a म्हणजे अर्धी रुंदी. दुसरी चूक भोकावर पडणाऱ्या झोताकडे न पाहण्याची. प्रकाश R अंतरावरच्या बिंदूतून पसरत येत असेल, तर 1/L च्या जागी 1/L + 1/R घ्यावं लागतं. तो बिंदू ५० सेंटिमीटरवर असेल, तर पडदा कितीही मागे नेला तरी आपल्या भोकाचा N ०.७७ च्या खाली येत नाही. अशा वेळी भोकामागे बहिर्वक्र भिंग ठेवावं. ते त्या बिंदूची प्रतिमा जिथे तयार करतं, तिथे दूर क्षेत्राचीच नक्षी मिळते.

आकडेमोडीची खात्री करायची असेल, तर झोत समांतर ठेवून पडदा मागेपुढे सरकवावा. नक्षी फक्त लहानमोठी झाली तर दूर क्षेत्र. तिचं रूपच पालटलं, मध्य काळा-उजळ होऊ लागला, तर निकट.

N दोन असताना एकमेकांना पुसणाऱ्या त्या दोन भागांपैकी एक झाकला, तर काय होईल? तशीच एकाआड एक वलयं झाकून भिंगाचं काम करणारी पट्टी बनवता येते. तिची रचना पुढच्या लेखात.