फोटोतून गेलेला गंज

जुनी गाडी विकायला काढली की जाहिरातीच्या फोटोतले ओरखडे, पोचे आणि गंज पुसणे आता साध्या फोनवरही जमते. पण फोटोत जे पुसायला सोपे, ते प्रत्यक्षात दुरुस्त करायला स्वस्त असतेच असे नाही. फसवणुकीचा खरा धोका तिथेच आहे.

फोटोतला डाग घालवताना शेजारचा रंग आणि पोत उचलून डागावर बसवला जातो. सपाट दारावरचा ओरखडा असा क्षणात नाहीसा होतो. पोचा मात्र चिवट. तो दिसतो मुख्यतः प्रतिबिंबामुळे: चकचकीत दारावर उमटलेली विजेची तार किंवा इमारतीची कड पोच्यापाशी वाकते. नुसती सावली पुसली, तर ही रेघ वाकडीच राहते किंवा मध्येच तुटते.

गंजाचे तसे नाही. समजा, कोकण किनाऱ्यावर दहा वर्षे वापरलेली पांढरी गाडी आहे आणि मागच्या चाकावरच्या कमानीच्या कडेला रुपयाएवढा रंगाचा फोड आला आहे. फोटोत तो घालवायला अर्धे मिनिटही लागत नाही. पण चाकाने उडवलेला चिखल आणि खारी ओल कमानीच्या आतल्या दुमडीत साचते, आणि गंज बहुधा तिथूनच बाहेर येतो. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, म्हणून तो रंग वर उचलतो. फोड दिसेपर्यंत आतला पत्रा बराच खाल्ला गेलेला असू शकतो. मग तेवढा भाग कापून नवा पत्रा वेल्ड करावा लागतो. वरवर घासून रंग दिला तर फोड परत येतो. पोचा आहे तेवढाच राहतो, गंज पसरत जातो.

फोटो मोठा करून पाहिला तर पुसलेली जागा आसपासपेक्षा गुळगुळीत दिसते, कमानीची कड तिथे मऊ होते, कधी चिखलाचा तोच ठिपका दोनदा आढळतो. मेसेजमधून आलेल्या दबलेल्या फोटोत मात्र या खुणा पुसट होतात. त्यापेक्षा गाडीभोवती फिरत, उन्हात काढलेला सलग व्हिडिओ मागवावा आणि सौद्याआधी कमानीच्या आतून हात फिरवून पाहावा.

फोटोतली नंबरप्लेट झाकणे किंवा उजेड सुधारणे यात गाडीच्या स्थितीबद्दल खोटे काही नाही. पण माहीत असलेला गंज फसवण्यासाठी मुद्दाम लपवणे ही भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १७ नुसार फसवणूक ठरते आणि कलम १९ नुसार खरेदीदाराला करार रद्द करता येतो. अट एवढीच की त्याची संमती त्या फसवणुकीमुळेच मिळालेली असावी. फोड डोळ्यांनी पाहून गाडी घेतली असेल, तर फोटोकडे बोट दाखवून उपयोग नाही. गाडी विकल्यावर जाहिरात काढून टाकली जाते, म्हणून विसार देण्यापूर्वीच तिचे सगळे फोटो तारखेसह जपून ठेवावे लागतात.