काचेचा रंग आणि रस्त्यावरचा खड्डा

करड्या काचेतून सगळे रंग सारख्याच प्रमाणात मंदावतात, त्यामुळे सिग्नलचा लाल लालच दिसतो. भर उन्हात गाडी चालवताना आणि समुद्रकिनाऱ्यावर ती सोयीची. पाण्यावरची तिरीप मात्र नुसत्या रंगाने जात नाही, त्यासाठी पोलराइज्ड काच लागते. तपकिरी काच निळा प्रकाश अडवते. त्यामुळे डांबरावरच्या खड्ड्याची कड आणि सांडलेली खडी उठून दिसते, म्हणून सायकलस्वाराला तीच बरी. हिरवी या दोन्हींच्या मधली. पिवळी ढगाळ सकाळी किंवा धुक्यात उपयोगी. रात्री समोरच्या दिव्यांसाठी ती विकली जाते खरी, पण आधीच अपुरा असलेला प्रकाश ती आणखी कमी करते. अतिनील किरणांपासूनचे संरक्षण रंगावर ठरत नाही. त्यासाठी ‘यूव्ही ४००’ ही खूण पाहावी लागते.