परावर्तनाचा नियम: मधल्या बिंदूंचे काय?

आपतन कोन आणि परावर्तन कोन समान असतात, हे आपण वर्गात आरसा व टाचण्या घेऊन दाखवतो. पण तसे का व्हावे? टाचण्यांचा प्रयोग हे सांगत नाही. डच शास्त्रज्ञ ख्रिस्तियान हायगेन्स यांनी १६९० साली प्रसिद्ध केलेल्या प्रकाशावरील ग्रंथात याचे उत्तर आहे. त्यांची कल्पना अशी: तरंगाग्राचा प्रत्येक बिंदू स्वतःच एका लहान तरंगाचा उगम बनतो, आणि या सर्व लहान तरंगांना स्पर्श करणारी रेषा म्हणजे पुढचे तरंगाग्र.

आपण कागदावर आकृती काढून पाहू. आरसा म्हणून १० सेंमी लांबीची आडवी रेषा अक काढा. तिच्या वरच्या बाजूला अब = ८ सेंमी व बक = ६ सेंमी असा त्रिकोण अबक काढा. ६, ८, १० या बाजूंमुळे कोन ब काटकोन होतो. अब हे डावीकडून खाली येणारे तरंगाग्र आहे. त्याचे अ हे टोक आरशाला आत्ताच टेकले आहे. ब या टोकाला क पर्यंत पोहोचायला अजून ६ सेंमी जायचे आहे. प्रकाशाला यासाठी सेकंदाच्या अब्जाव्या भागाचा पाचवा हिस्सा पुरतो.

तेवढ्या वेळात अ पासून निघालेला लहान तरंगही ६ सेंमीच पसरेल, कारण माध्यम तेच आहे आणि वेगही तोच आहे. म्हणून अ केंद्र धरून ६ सेंमी त्रिज्येचा कंस आरशाच्या वर काढा. आता क पासून या कंसाला स्पर्शिका हवी. अक व्यास धरून अर्धवर्तुळ काढले, की ते कंसाला जेथे छेदते तो स्पर्शबिंदू ड. अर्धवर्तुळातील कोन काटकोन असतो, म्हणून कड ही स्पर्शिकाच आहे.

पाठ्यपुस्तकातील सिद्धता बहुधा येथेच आटोपते. परंतु चौकस विद्यार्थी विचारील, "सर, आपण फक्त अ आणि क हे दोनच बिंदू घेतले. मधल्या बिंदूंपासून निघालेले तरंग याच रेषेला कशावरून टेकतील?" शंका रास्त आहे. ते टेकले नाहीत तर कड ला तरंगाग्र म्हणताच येणार नाही.

अ पासून ४ सेंमीवर आरशावर प बिंदू घ्या. प मधून बक ला समांतर रेषा काढा. ती अब ला फ मध्ये मिळेल. त्रिकोण अफप व अबक समरूप आहेत. म्हणून फप = ६ × ४/१० = २.४ सेंमी. म्हणजे तरंगाग्र २.४ सेंमी चालून प ला पोहोचले. उरलेल्या वेळात प चा लहान तरंग ६ − २.४ = ३.६ सेंमी पसरेल. आता प पासून कड वर पम हा लंब टाका. त्रिकोण कपम व कअड समरूप आहेत, म्हणून पम = ६ × ६/१० = ३.६ सेंमी. लंबाची लांबी आणि तरंगाची त्रिज्या तंतोतंत जुळली! प कोठेही घेतला तरी फप आणि पम यांची बेरीज ६ सेंमीच येते. तेव्हा सगळे लहान तरंग एकाच वेळी कड ला स्पर्श करतात आणि कड हे खरोखरच परावर्तित तरंगाग्र ठरते.

आता कोन पाहू. त्रिकोण अबक व कडअ काटकोनी आहेत, कर्ण अक सामाईक आहे आणि बक = अड. कर्ण-भुजा कसोटीने ते एकरूप आहेत; म्हणून कोन बअक = कोन डकअ. किरण तरंगाग्राला लंब असतो आणि स्तंभिका आरशाला लंब असते. त्यामुळे किरण व स्तंभिका यांतील कोन तरंगाग्र व आरसा यांतील कोनाइतकाच असतो. म्हणून हे दोन कोन म्हणजेच आपतन कोन व परावर्तन कोन. आपल्या आकृतीत कोनमापक लावल्यास दोन्ही सुमारे ३७ अंश भरतील.

वर्गात एक चूक हमखास होते. विद्यार्थी आधी समान कोन मोजून परावर्तित किरण काढतात आणि मग त्याभोवती कंस बसवतात. जे सिद्ध करायचे तेच गृहीत धरल्यावर सिद्धता कसली? क्रम आधी कंस, मग स्पर्शिका आणि शेवटी कोनमापक असाच हवा.

ही सिद्धता दोन गोष्टींवर उभी आहे. पहिली, वेग न बदलणे. तरंग पाण्यात शिरला तर अ पासूनची त्रिज्या ६ सेंमीपेक्षा कमी होते, कोन बदलतो आणि याच रचनेतून अपवर्तनाचा नियम निघतो. दुसरी, आरसा तरंगलांबीच्या मानाने खूप मोठा असणे. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी मिलिमीटरच्या सुमारे दोन-हजाराव्या भागाइतकी असते, म्हणून घरचा आरसा नियम पाळतो. आरशाचा तुकडा तेवढाच सूक्ष्म असेल, तर स्पर्शिका आखायला पुरेसे लहान तरंगच उरत नाहीत आणि प्रकाश चहूकडे फाकतो.